घरातील वेदनाशामक गोळ्यांचा डबा कसा तपासावा: इंदूरमधील एका व्याख्यानाच्या आधारे

इंदूरमधील एका मराठी मंडळाने ‘मनाने घेतलेली औषधे’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले, तेव्हा मी एकच अट घातली होती: येणाऱ्या प्रत्येकाने घरातला औषधांचा डबा जसा असेल तसा, न आवरता, सोबत आणावा. त्यामुळे व्याख्यान व्यासपीठावर कमी आणि सभागृहातील टेबलांवर जास्त झाले. कोणी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून, कोणी बिस्किटांच्या टिनमधून, तर कोणी मेडिकल स्टोअरच्या पिशवीतून औषधे आणली होती. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि अनेकांच्या डब्यात दोन गोष्टी हटकून शेजारी-शेजारी निघाल्या. एक म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्तदाबाची गोळी आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या मनाने आणलेली गुडघ्याची किंवा कंबरेची गोळी. स्व-औषधोपचाराचा विषय मोठा आहे, परंतु या दोन गोळ्यांच्या शेजारातून होणारे नुकसान सर्वांत कमी लोकांना ठाऊक असते, म्हणून त्या दिवशी मी तेवढाच भाग घेतला. टेबलावर जे केले, ते आपल्या घरी करता यावे म्हणून त्याच क्रमाने येथे लिहितो.

सगळे बाहेर काढा

मुख्य डबा पुरेसा नसतो. पर्समधील पाकीट, उशाखालची स्ट्रिप, फ्रिजचा दरवाजा, देवघराशेजारचा खण आणि स्कूटरची डिकी या जागाही पाहाव्या लागतात. डिकीत राहिलेली गोळी मुदतीच्या आत असली तरी ठेवू नये, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद डिकीतील उष्णता त्याहून पुष्कळ जास्त असते. सर्व औषधे वर्तमानपत्रावर पसरावीत आणि ज्यांच्यावर नाव वाचता येत नाही ती प्रथम बाजूला करावीत. सुट्या गोळ्या, कागदाच्या पुड्या आणि कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे यांत येतात. स्ट्रिपचा एक तुकडा घेताना मुदतीची तारीख छापलेला कोपरा दुकानदाराकडेच राहतो, हे नेहमीचे आहे. चार गोळ्या घ्यायच्या असल्या तरी नाव आणि तारीख असलेल्या बाजूने कापून मागावे, आणि ते शक्य नसेल तर बिलावर नाव, बॅच आणि मुदत लिहून घ्यावी.

मोठे नाव सोडा, बारीक अक्षरे वाचा

स्ट्रिपवर ठळक छापलेले असते ते कंपनीने ठेवलेले नाव, आणि आत काय आहे ते खाली बारीक अक्षरांत असते. चष्म्यानेही दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहावा. इंदूरच्या दवा बाजारात काय किंवा गल्लीतल्या दुकानात काय, ‘भैया, घुटने की गोली दे दो’ म्हटले की एक स्ट्रिप पुढे येते आणि मागच्या वेळची नाही अशी शंका काढली तर ‘साल्ट वही है, माताजी’ असे उत्तर मिळते. ते उत्तर बहुधा खरेच असते आणि अडचण नेमकी तेथे आहे. सॉल्ट तेच असेल, तर घरात अगोदरच असलेल्या दुसऱ्या नावाच्या गोळीतही तेच असू शकते आणि दोन वेगळी औषधे समजून आपण एकच औषध दुप्पट घेत असतो.

वाचलेल्या नावांचे दोन गट करावेत. पहिल्या गटात एकटे पॅरासिटामोल येते, कारण ते ताप आणि वेदना कमी करते, पण सूज फारशी कमी करत नाही आणि त्याचे धोकेही निराळे आहेत. दुसरा गट सूज कमी करणाऱ्या वेदनाशामकांचा आहे. त्यातील नावे पाठ करण्याची गरज नाही, शेपटे ओळखली तरी पुष्कळ काम होते. शेवटी ‘-फेनॅक’ असलेली म्हणजे डायक्लोफेनॅक व एसिक्लोफेनॅक, ‘-प्रोफेन’ असलेली म्हणजे आयबुप्रोफेन व कीटोप्रोफेन, ‘-कॉक्सिब’ असलेले एटोरिकॉक्सिब आणि ‘-ऑक्सिकॅम’ असलेली पिरॉक्सिकॅम व मेलॉक्सिकॅम, ही सर्व एकाच घराण्यातली. शेपटावरून न ओळखू येणारी काही नावे मात्र लक्षात ठेवावी लागतील: नॅप्रोक्सेन, निमेसुलाइड, मेफेनॅमिक ॲसिड, केटोरोलॅक, इंडोमेथासिन आणि वेदनेसाठी घेतलेली ॲस्पिरिन. पाळीच्या दुखण्यासाठी मुलींच्या पर्समध्ये असलेली गोळी बहुधा मेफेनॅमिक ॲसिडची असते, म्हणजे तीही याच गटातली.

दुसऱ्या गटातील बहुतेक गोळ्यांच्या स्ट्रिपवर एक उभी लाल रेघ असते. ती शोभेसाठी नसते. हे औषध ‘शेड्यूल एच’मधले आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ आहे. चिठ्ठीशिवाय ते मिळते, हे आपण सर्व जाणतो, परंतु मिळते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही.

आता बेरीज करा

बेरीज कशी करायची ते एका उदाहरणाने सांगतो. दोन-तीन रुग्णांच्या कहाण्या एकत्र करून आणि ओळख पटणार नाही असे बदल करून ते बनवले आहे. एक काकू, वय ६७. दहा वर्षांपासून रक्तदाब आहे, म्हणून सकाळी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी घेतात. ही दोन्ही औषधे योग्य होती आणि रक्तदाबही आटोक्यात होता. गुडघे दुखतात म्हणून यजमानांना पूर्वी कंबरेसाठी दिलेली गोळी त्यांनी सुरू केली, सकाळी एक आणि रात्री एक. तिच्यात एसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामोल ३२५ मिलिग्रॅम होते. घरात लग्न होते, उभे राहणे वाढले होते आणि गोळीने बरे वाटत होते, म्हणून ती सहा आठवडे चालू राहिली. अशात सर्दी-ताप आला. दुकानातून सर्दीची गोळी आणली, दिवसातून तीनदा, प्रत्येकीत पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅम. ताप उतरेना म्हणून ६५० मिलिग्रॅमची तापाची गोळीही दिवसातून तीनदा घेतली.

तापाच्या दिवसातील पॅरासिटामोलची बेरीज अशी होते. गुडघ्याच्या गोळीतून ६५०, सर्दीच्या गोळीतून १५०० आणि तापाच्या गोळीतून १९५०, म्हणजे एकूण ४१०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे, आणि वय जास्त, वजन कमी, खाणे तुटलेले, रोजचे मद्यपान किंवा यकृताचा आजार असेल तर आम्ही ती २००० ते ३००० च्या आतच ठेवायला सांगतो. काकूंनी कोणतीही एक गोळी प्रमाणाबाहेर घेतली नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे. मर्यादा ओलांडली गेली ती तीन वेगवेगळ्या नावांच्या आडून.

पॅरासिटामोलच्या अतिमात्रेबाबत एक गोष्ट घरातील प्रत्येकाला माहीत असली पाहिजे. पहिल्या दिवशी रुग्णाला फारसे काही होत नाही, फार तर मळमळते. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून चुकून किंवा जाणूनबुजून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, रिकाम्या स्ट्रिप बरोबर घेऊन सरळ मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे.

रोजच्या औषधांशी ताडून पाहा

काकूंचे खरे संकट मात्र पॅरासिटामोलमुळे आले नाही. ताप उतरला, लग्न पार पडले आणि नंतर त्यांना जुलाब लागले. दोन दिवस खाणे-पिणे कमी झाले, बाहेर उन्हाळा होता, आणि ‘नेमाची औषधे चुकवायची नाहीत’ म्हणून रक्तदाबाची गोळी व ‘अंग दुखते’ म्हणून एसिक्लोफेनॅक, दोन्ही चालू राहिली. चौथ्या दिवशी लघवी अगदी कमी झाली, पायांवर सूज आली आणि मळमळ वाढली. सुनेला वाटले, जुलाबांमुळे अशक्तपणा आला असेल. रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारे क्रिएटिनिन वर्षापूर्वी ०.९ होते ते २.४ झाले होते आणि पोटॅशियम ५.९ होते. एवढे पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवू शकते, त्यामुळे तातडीने ईसीजी काढून त्यांना दाखल करावे लागले.

हे कसे घडले? मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि तेथून रक्त बाहेर नेणारी दुसरी. गाळणी चालते ती आतल्या दाबावर, जसा गच्चीवरच्या टाकीत पाणी असले आणि नळाची तोटी नीट उघडली तरच खालच्या मजल्यावर धार येते. शरीरात पाणी कमी झाले की प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये आत आणणारी वाहिनी रुंद ठेवतात आणि त्याच वेळी बाहेर नेणारी वाहिनी आवळली जाते, म्हणजे थोड्या रक्तातही दाब टिकतो. दुसऱ्या गटातील वेदनाशामकांचे काम ही प्रोस्टाग्लॅंडिन बनू न देणे हेच आहे. गुडघ्यात ती बनली नाहीत म्हणून दुखणे थांबते, आणि मूत्रपिंडात बनली नाहीत म्हणून आत आणणारी वाहिनी आकसते. टेल्मिसार्टनच्या घराण्यातील औषधे बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात, जे एरवी मूत्रपिंडाच्या हिताचे असते. हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखे लघवी वाढवणारे औषध शरीरातील पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आली आणि वर जुलाब लागले, की दाब टिकवण्याचे सर्व मार्ग एकदम बंद होतात.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की भारतातील गिधाडे ज्या औषधाने मेली ते याच गटातले डायक्लोफेनॅक. उपचार केलेल्या गुरांचे मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडापेक्षा पुष्कळ सोशिक आहे, परंतु त्या सोसण्याला वय, पाणी आणि सोबतची औषधे यांच्या मर्यादा आहेत.

म्हणून या पायरीवर रोजच्या औषधांची नावेही त्याच पद्धतीने वाचावीत. शेवटी ‘-सार्टन’ किंवा ‘-प्रिल’ असेल, किंवा गोळी लघवी वाढवणारी असेल, तर दुसऱ्या गटातील कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मधुमेह, हृदयाची कमजोरी किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असेल तरी हेच लागू आहे. जुलाब, उलट्या किंवा मोठा ताप असेल त्या दिवशी दुसऱ्या गटातील गोळी लगेच थांबवावी आणि रक्तदाबाच्या गोळीचे काय करायचे ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. ती बहुधा एक-दोन दिवस थांबवण्यास सांगितले जाते, पण तो निर्णय स्वतः घेऊ नये, आणि थांबवली तर पुन्हा कधी सुरू करायची तेही विचारून ठेवावे.

काकूंना सलाइन दिले, एसिक्लोफेनॅक कायमचे बंद केले, रक्तदाबाची गोळी काही दिवस थांबवली आणि तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.१ वर आले. लवकर आल्यामुळे डायलिसिस टळले. सर्वांचे असेच होते, असे मात्र नाही.

‘पण मी गॅसची गोळी घेतो ना!’

सभागृहात सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हा होता. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही प्रोस्टाग्लॅंडिनच असल्यामुळे दुसऱ्या गटातील गोळ्यांनी जठरात व्रण होतात. पॅंटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेतल्याने तो धोका कमी होतो, हे खरे आहे. परंतु ही गोळी मूत्रपिंडाला, हृदयाला किंवा लहान आतड्याला संरक्षण देत नाही. ‘इंजेक्शन घेतले तर पोटाला त्रास नाही’ ही समजूतही चुकीची आहे, कारण औषध रक्तातून पोहोचले तरी प्रोस्टाग्लॅंडिन थांबतातच. पोटात दुखले नाही म्हणजे व्रण नाही, असेही धरून चालू नये. कित्येकांना पहिली खूण मिळते ती थेट रक्तस्रावाचीच: शौच डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते, उभे राहिल्यावर घेरी येते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण त्यात तो चिकटपणा आणि वास नसतो. शंका असेल तर उद्यावर टाकू नये.

हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवावी. रक्तस्रावाचा धोका ॲस्पिरिन आणि दुसऱ्या गटातील गोळी या दोन्हींमुळे वाढतोच, शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनला तिच्या जागेवर चिकटू देत नाही आणि तिचा फायदाच कमी करते. रक्त पातळ करणारी इतर औषधे चालू असतील तर दुसरा गट स्वतःच्या मनाने घेण्याचा विचारही करू नये. डेंग्यूचा संशय असलेल्या तापात, आणि आपल्याकडे पावसाळा सुरू झाला की तो धरावाच लागतो, फक्त पॅरासिटामोल चालते. गरोदरपणातही, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, हा गट वर्ज्य आहे.

मग दुखले तर करायचे काय

हा प्रश्न रास्त आहे. गुडघ्यासाठी आधी लावायचे औषध वापरून पाहावे. डायक्लोफेनॅकचा जेल दुखऱ्या सांध्यावर लावल्यास गोळीच्या तुलनेत त्याचा अगदी थोडा भाग रक्तात जातो, आणि गुडघा त्वचेच्या जवळ असल्यामुळे उपयोगही चांगला होतो. कंबरेत किंवा खुब्यात तेवढा होत नाही, कारण दुखणे खोल असते. जेल लावून वर शेक देऊ नये आणि पट्टीही घट्ट बांधू नये, कारण त्यामुळे शोषण वाढते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर जेलसाठीही विचारावे. त्याबरोबर मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावा. तो कंटाळवाणा आहे आणि फळ यायला काही आठवडे लागतात, पण दीर्घकाळ टिकणारा आराम त्यातूनच मिळतो, असे माझे मत आहे.

गोळी लागलीच तर पॅरासिटामोल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून आणि दिवसभराची बेरीज मर्यादेत ठेवून घ्यावी. सांध्याच्या झिजेत तिचा गुण माफकच येतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ताप तीन दिवसांत आणि दुखणे पाच-सात दिवसांत हटले नाही, तर गोळी बदलून पाहण्यापेक्षा कारण शोधून घ्यावे. ज्यांना डोकेदुखीसाठी महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस गोळी लागते आणि असे तीन महिने चालले आहे, त्यांच्या बाबतीत गोळीच डोकेदुखीचे कारण झालेली असू शकते.

डॉक्टरांनी दुसऱ्या गटातील गोळी दिली, तर ती किती दिवसांसाठी आहे, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. तेवढे दिवस संपले की ती चिठ्ठीही संपली असे समजावे. यजमानांची चिठ्ठी पत्नीला आणि वडिलांची मुलाला चालत नाही.

पुडीचे औषध

बाजूला ठेवलेल्या कागदी पुड्यांकडे आता येऊ. खेड्यातून किंवा कोणा ‘खात्रीच्या’ माणसाकडून आणलेली, सांधेदुखी दोन दिवसांत गायब करणारी आणि नाव-गाव नसलेली पूड किंवा गोळी असेल, तर तिच्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी. भूक अचानक वाढणे, चेहरा गोल होणे, साखर व रक्तदाब चढणे, त्वचा पातळ होऊन सहज काळे-निळे डाग पडणे, या तिच्या खुणा आहेत. येथे मात्र माझा सल्ला वरच्या सर्व सल्ल्यांच्या उलट आहे: अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर ती एका दिवसात बंद करू नये. शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी केलेले असते, त्यामुळे पुडी एकदम थांबवल्यास रक्तदाब पडून जीव धोक्यात येऊ शकतो. उरलेल्या पुड्या घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावे आणि मात्रा त्यांच्या देखरेखीखाली उतरवावी. रागावतील या भीतीने पुड्या लपवून ठेवल्या जातात, तेव्हा आम्हाला निदानच चुकीच्या वाटेने करावे लागते.

डब्याच्या झाकणावरचा कागद

शेवटी अर्धा कागद घेऊन घरातील प्रत्येक ज्येष्ठाच्या नावाने चार ओळी लिहाव्यात. रोजच्या औषधांची आतली नावे आणि मात्रा, पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी झाली ते, शेवटचे क्रिएटिनिन व त्याची तारीख, आणि डॉक्टरांचा फोन. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिन वर्षातून एकदा तरी तपासलेले असावे. एखाद्या औषधाने अंगावर पुरळ, सूज किंवा अन्य विपरीत परिणाम झाला, तर भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो. मेफेनॅमिक ॲसिडमुळे होऊ शकणाऱ्या एका गंभीर ॲलर्जीविषयी २०२३ मध्ये निघालेला इशारा याच कार्यक्रमाकडे आलेल्या नोंदींच्या विश्लेषणातून आला होता. कागदाचा फोटो मुला-सुनांच्या फोनवर पाठवून ठेवावा आणि मूळ कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा, म्हणजे मेडिकलमध्ये जाताना डबा उघडणाऱ्याला तो दिसेल.